‘कृपा पावलेली’ : फादरांस एक पत्र

गुरूंना लिहिलेली पत्रे सहसा छापावयाची नसतात. परंतु पुढील पत्र ज्यांस लिहिले, त्या आमच्या फादर प्राध्यापकांनीच ते आपल्या घरोघरी जावे अशी इच्छा व्यक्त केली. आम्ही दोघे सेमिनरीतील विद्यार्थी, एक उत्तनचा आणि एक भाईंदरचा. ग्रीक भाषेच्या वर्गात संत लूकच्या पहिल्या अध्यायातील बारा-तेरा ओव्यांचे मराठी भाषांतर आम्ही जोडीने केले होते. त्यातील एकाच शब्दाखाली फादरांनी तांबड्या शाईची रेघ ओढली आणि समासात चार ओळी लिहिल्या. त्या चार ओळींना दिलेले हे उत्तर होय.

आदरणीय फादर,

सप्रेम जय ख्रिस्त.

सुट्टीसाठी आम्ही घरी आलो आहोत. उत्तनच्या घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत आहेत आणि भाईंदरच्या घराखाली लोकल गाड्यांची ये-जा चालू आहे. आपण तपासलेली वही आमच्यासोबत आहे. गाब्रिएल देवदूताच्या अभिवादनात आम्ही ‘कृपा पावलेली’ असे लिहिले, ते आपण खोडून ‘कृपापूर्ण’ असे केले. समासातील आपले म्हणणे असे की, शब्दास शब्द ठेवणे म्हणजे भाषांतर नव्हे. ‘कृपा पावलेली’ असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. लोकांच्या ओठांवर बसलेली प्रार्थना विद्यार्थ्यांनी हलवू नये. आणि या बदलाने पवित्र मरियेचा मान उणावतो. चारही आक्षेप वजनदार आहेत. म्हणूनच ते मुकाट्याने मान्य करून वही मिटवावी असे आम्हांस वाटले नाही. आपणच वर्गात सांगितले आहे की, ज्या शब्दाचे कारण देता येत नाही तो शब्द लिहू नये. आमच्या शब्दाचे कारण आम्ही येथे देत आहोत.

प्रथम मूळ शब्द समोर ठेवू. लूक लिहितो, ‘केखारितोमेने’. एवढ्या लांब शब्दाचे तुकडे आपणच आम्हांस फळ्यावर करून दाखविले होते. त्याच्या पोटात ‘खारिस’ म्हणजे कृपा हे नाम आहे. या नामापासून ‘खारितोओ’ हे क्रियापद बनते. ग्रीकमध्ये अशी क्रियापदे नामाने किंवा विशेषणाने दाखविलेली गोष्ट दुसऱ्याच्या ठायी घडवून आणण्याचे काम करतात. ‘तिफ्लोस’ म्हणजे आंधळा, आणि ‘तिफ्लोओ’ म्हणजे आंधळे करणे. त्याच न्यायाने ‘खारितोओ’ म्हणजे एखाद्याला कृपेचा धनी करणे. मराठीत मंत्रापासून ‘मंतरणे’ आणि रंगापासून ‘रंगवणे’ होते, तशीच ही घडण आहे. कृपेपासून मात्र आपल्या भाषेने क्रियापद घडविले नाही, आणि भाषांतरकाराची सारी अडचण तेथूनच सुरू होते.

शब्दाच्या आरंभीचे ‘के’ हे धातूच्या पहिल्या अक्षराची पुनरुक्ती आहे. संस्कृतात ‘कृ’चे ‘चकार’ होते आणि ‘भू’चे ‘बभूव’ होते. त्या दुहेरीकरणाला वैयाकरण अभ्यास म्हणतात. ‘बभूव’मध्ये भ-चा ब होतो, तसाच येथे ख-चा क झाला आहे. ग्रीकमध्ये हे चिन्ह पूर्ण झालेल्या आणि परिणाम टिकून राहिलेल्या क्रियेचे असते. शेवटचे ‘मेने’ हे ‘वर्तमान’, ‘विद्यमान’ या शब्दांतील ‘मान’ प्रत्ययाचे दूरचे भावंड होय. येथे ते स्त्रीलिंगी आहे आणि कर्मणी अर्थाचे आहे. म्हणजे कृपा करणारा दुसरा कोणी आहे, आणि जिला हाक मारली ती ती कृपा ग्रहण करणारी आहे. एका शब्दात तीन गोष्टी आल्या: कोणीतरी कृपा केली, ती करून झाली, आणि ती आजही तिच्या ठायी आहे.

आता ‘कृपापूर्ण’ हा शब्द या तीन गोष्टींपाशी नेऊन पाहावा. तिसरी गोष्ट तो उत्तम सांगतो. ती कृपेने भरलेली आहे, यात शंका उरत नाही. परंतु ती कशी भरली, कोणी भरली, हे तो सांगत नाही. ते त्याचे कामच नव्हे, कारण ते विशेषण आहे, आणि विशेषण स्थिती सांगते, घटना सांगत नाही.

हा भेद आमच्या अंगणातल्या उदाहरणाने सांगितला तर आपण हसणार नाही अशी आशा आहे. ‘सुके बोंबील’ आणि ‘सुकवलेले बोंबील’ हे दोन्ही आम्ही म्हणतो आणि ताटात पडतो तो पदार्थ एकच असतो. पण ‘सुके’ म्हटले की मासळी आता कशी आहे एवढेच कळते. ‘सुकवलेले’ म्हटले की त्यामागे पहाटे बांबूंवर बोंबील अडकविणारे हात दिसतात, ऊन दिसते, आणि कावळ्यांना हाकणारे मूल दिसते. पहिल्या शब्दात मासळी आहे. दुसऱ्यात मासळी आहे आणि तिच्यावर कोणीतरी घेतलेले श्रमही आहेत. मराठीचे ‘-लेला’ हे धातुसाधित असे दुहेरी काम करते: झालेली क्रिया सांगते आणि तिचा उरलेला परिणामही दाखविते. ग्रीकचे हे धातुसाधित जे करते, नेमके तेच. इंग्रजी भाषांतरकाराला येथे आडवळणे घ्यावी लागतात. आमच्या भाषेत मात्र तो प्रत्यय आयता हाताशी आहे. तो असता आपण विशेषण का घ्यावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

यावर आपण म्हणाल की, हा भेद लूकच्या मनात होता कशावरून? लूकला ‘कृपेने पूर्ण’ असेच म्हणावयाचे असेल आणि हाताशी आला तो शब्द त्याने लिहिला असेल. या शंकेला लूकनेच उत्तर देऊन ठेवले आहे. ‘कृपेने पूर्ण’ या अर्थाचा सरळ शब्दप्रयोग ग्रीकमध्ये होता आणि लूकला तो ठाऊक होता. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक त्याचेच. त्याच्या सहाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीत स्तेफनविषयी लिहिताना त्याने ‘प्लेरेस खारितोस’, म्हणजे शब्दशः ‘कृपेने पूर्ण’, असे म्हटले आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात देहधारी शब्दाविषयीही हाच प्रयोग आहे. तेव्हा लूकपुढे दोन वाटा होत्या. स्तेफनसाठी त्याने एक घेतली आणि मरियेसाठी दुसरी. लॅटिन बायबलात मात्र दोन्ही ठिकाणी ‘पूर्ण’ हाच शब्द आला, आणि लूकने राखलेले अंतर वाचकाच्या दृष्टीआड झाले. आम्ही वर्गात दोन्ही ओव्या शेजारी ठेवून मराठी केले, तेव्हा स्तेफनसाठी ‘कृपापूर्ण’ आणि मरियेसाठी ‘कृपा पावलेली’ असे लिहिले. पहिल्यास आपण बरोबरची खूण केली आहे. दुसऱ्यासही ती मिळावी एवढेच मागणे आहे.

संत जेरोमविषयी आमच्या मनात अनादर नाही. शुभवर्तमानांचे जुने लॅटिन भाषांतर त्याने इ.स. ३८४ च्या सुमारास तपासून दिले, आणि तेथून ‘कृपापूर्ण’ हा अर्थ पश्चिमेच्या साऱ्या प्रार्थनांत उतरला. सिरियाक भाषेतील प्राचीन भाषांतरानेही असाच अर्थ घेतला आहे. तेव्हा हे भाषांतर चुकीचे आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. पाण्याने भरून ठेवलेल्या हंड्याला पूर्ण म्हणणे खोटे नाही. मात्र विहीर कोणती आणि ओतणारा कोण, हे त्या शब्दात येत नाही. लॅटिन बायबलनेच दुसऱ्या एका ठिकाणी हा धातू वेगळ्या रीतीने उतरविला आहे. नव्या करारात ‘खारितोओ’ हे क्रियापद आणखी एकदाच येते, ते इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या सहाव्या ओवीत. तेथे पौल म्हणतो की, देवाने आपल्या प्रिय पुत्राच्या ठायी आपणांवर कृपा केली. त्या ओवीत लॅटिनने ‘भरणे’ हा अर्थ घेतला नाही. कृपा करण्याचे क्रियापदच ठेवले.

ही इफिसची ओवी आमच्या मते सर्व प्रश्नाची किल्ली आहे. मरियेसाठी जो धातू, तोच आपणां सर्वांसाठी. रूप मात्र निराळे. आपल्याविषयी बोलताना पौलाने साधा भूतकाळ वापरला: देवाने कृपा केली. मरियेशी बोलताना देवदूताने टिकून राहिलेल्या परिणामाचे रूप वापरले, आणि तेही तिच्या नावाच्या जागी. आपण सर्व त्याच विहिरीचे पाणी प्यालो. तिच्या ठायी मात्र ते इतके स्थिर झाले की तिला हाक मारावयास तेवढा एक शब्द पुरला. ‘कृपापूर्ण’ म्हटल्याने ती आपल्यापासून उंच उभी राहते. ‘कृपा पावलेली’ म्हटल्याने ती उंचही राहते आणि आपलीही राहते. मराठी वाचकाला हे दोन्ही एकदम दिसावे असे आम्हांस वाटते, आणि त्यासाठी धातुसाधित सोडून चालणार नाही.

आता शब्दाच्या निवडीविषयी. ‘पावलेली’ हा शब्द आम्हांस सहज सुचला नाही. आम्ही तीन शब्द पारखले. पहिला ‘कृपा केलेली’. तो मराठी कानाला फसवितो, कारण ‘स्वयंपाक केलेली बाई’ म्हणताच स्वयंपाक करणारी ती बाईच ठरते. ‘कृपा केलेली मरिया’ म्हणताच कृपा करणारी मरिया होऊन बसते. व्याकरणाच्या दृष्टीने एकच अक्षर हलले, पण देव आणि दासी यांची अदलाबदल झाली.

दुसरा शब्द ‘अनुगृहीता’. रचनेच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. अनुग्रह म्हणजे कृपा, आणि ‘अनुगृहीत’ हे त्याचे कर्मणी धातुसाधित. ग्रीक शब्दाचा इतका जुळता जोड संस्कृतात सापडल्यामुळे आम्ही प्रथम हर्षभरित झालो. पण शब्द कोशात जगत नाही, लोकांत जगतो. मराठीत ‘आम्ही आपले अनुगृहीत आहोत’ हे वाक्य सभेच्या शेवटी आभार मानणाऱ्याच्या तोंडी असते, आणि ‘अनुग्रह घेणे’ म्हणजे गुरूकडून मंत्रदीक्षा घेणे. दोन्ही अर्थ येथे आडवे येतात. शिवाय जपमाळ संपवून मच्छी बाजाराला निघालेल्या आमच्या आजीला तो शब्द परका वाटेल. लूकचे ग्रीकही पंडितांपुरते नव्हते.

तिसरा शब्द ‘कृपा पावलेली’. आपला आक्षेप असा की, असे कोणी म्हणत नाही. फादर, ‘पावणे’ हा शब्द आमच्या किनाऱ्यावर रोज ऐकू येतो. वादळात सापडलेली होडी परतली की ‘देव पावला’ म्हणतात. उत्तनच्या भाटे बंदरावर वेलंकनी मातेच्या देवळात येणारे भाविक, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, ‘ही माता नवसाला पावते’ असे एकमेकांस सांगतात. याच ठिकाणी आमच्या शब्दाचे खरे मोल आहे असे आम्ही मानतो. लोक मरियेला ‘पावणारी’ म्हणतात. देवदूत तिला ‘पावलेली’ म्हणतो. ती देणारी होण्याआधी घेणारी आहे. तिच्यापाशी मागावयास येणाऱ्या माणसाला शुभवर्तमानाने पहिली गोष्ट ही सांगितली पाहिजे की, जिच्यापुढे तू हात पसरलेस तिनेही प्रथम हातच पसरले होते. ‘कृपापूर्ण’ या शब्दात ही सूचना नाही. त्यात कृपेचा साठा आहे, आणि साठा दिसला की तो कोणी भरला हे विसरावयास माणसाला वेळ लागत नाही.

पुढच्याच ओळींत देवदूत आपल्या शब्दाचा उलगडाही करतो. मरिया भांबावते, हे कसले अभिवादन असावे याचा विचार करू लागते, तेव्हा तो म्हणतो की तुला देवापाशी कृपा लाभली आहे. ही तिसावी ओवी होय. तेथे पुन्हा ‘खारिस’ हेच नाम आहे. अठ्ठाविसाव्या ओवीत ‘कृपा पावलेली’ असे ठेवले की तिसावी ओवी तिचे स्पष्टीकरण म्हणून सरळ वाचता येते. हाक आणि हाकेचे कारण एका सुतात येतात.

‘कोणी असे बोलत नाही’ या आक्षेपाबाबत एक नम्र निवेदन, आणि ते थट्टेने नव्हे. हाच आक्षेप याच ओवीवर मार्टिन लूथरने घेतला होता. इ.स. १५३० मध्ये भाषांतराविषयी लिहिलेल्या एका खुल्या पत्रात त्याने विचारले की, ‘कृपेने पूर्ण’ असे कोणता जर्मन माणूस बोलतो? तसे ऐकून त्याला बिअरने भरलेले पिंप किंवा पैशांनी भरलेली थैली आठवेल. म्हणून त्याने घरगुती जर्मन शब्द घेतला, आणि पुढे असेही म्हटले की, मनासारखे करावयाचे तर देवदूताच्या तोंडी ‘प्रिय मरिये’ एवढेच घातले असते. आपण ‘कृपापूर्ण’ राखण्यासाठी जी कसोटी लावलीत, तिनेच लूथरने तो शब्द काढून टाकला. यावरून आम्ही एवढेच शिकलो की, बोलीचा कौल ही कसोटी आवश्यक आहे, पण ती एकटी पुरेशी नाही. बोलीत बसणारे शब्द अनेक असतात. त्यांतून मुळाशी इमान राखणारा कोणता, हे बोली सांगू शकत नाही.

शब्दशः भाषांतर सर्वत्र करावे असा आमचा हट्ट नाही, याचा पुरावा त्याच वहीत आहे. पस्तिसाव्या ओवीत ग्रीकमध्ये ‘उत्तर देऊन देवदूत तिला म्हणाला’ अशा घडणीचे धातुसाधित आहे. तेथे आम्ही नुसते ‘देवदूताने तिला उत्तर दिले’ असे लिहिले. ते धातुसाधित हिब्रू कथनशैलीची एक लकब आहे. त्यात स्वतंत्र अर्थाचा भार नाही, आणि ते राखले तर मराठी वाक्य विनाकारण अडखळते. आमचा नियम असा: ज्या धातुसाधितावर अर्थाचा भार आहे ते राखावे, जे केवळ वाक्याची चाल आहे ते सोडावे. भार आहे की नाही हे ओळखण्याची रीतही साधी आहे. ते रूप काढून पाहावे. पस्तिसाव्या ओवीतून काढले तर काही हरवत नाही. अठ्ठाविसाव्या ओवीतून काढले तर कृपा करणारा हरवतो.

आता सर्वांत नाजूक आक्षेप, लोकांच्या प्रार्थनेचा. येथे आमच्याविषयी गैरसमज होऊ नये. जपमाळेतील एक अक्षरही बदलावे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या घरी संध्याकाळी दिवे लागल्यावर ‘कृपापूर्ण’ हाच शब्द पन्नासदा उमटतो, आणि मरणशय्येवरील माणसाच्या ओठांवर शेवटी राहिलेला शब्द बदलण्याचा अधिकार व्याकरणाला नाही. परंतु प्रार्थना आणि शास्त्रपाठ या दोन वस्तू आहेत. अठ्ठाविसाव्या ओवीत देवदूत ‘मरिया’ हे नाव उच्चारीतच नाही. ते तिसाव्या ओवीत येते. प्रार्थनेने ते नाव आरंभी आणून ठेवले. मग तिने बेचाळिसाव्या ओवीतून एलिझाबेथचे शब्द घेऊन जोडले, पुढे येशूचे नाव घातले, आणि शेवटची विनवणी १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात आजच्या रूपात स्थिर झाली. प्रार्थना अशी शतकानुशतके भक्तांच्या हातांनी घडत आली. तिला तिचे शब्द शोभतात. पण शुभवर्तमानाचे भाषांतर करताना आपण प्रार्थना लिहीत नसतो, लूकचे वाक्य लिहीत असतो. आमची सूचना एवढीच होती की, पाठात ‘कृपा पावलेली’ ठेवावे आणि तळटीपेत ‘आपल्या प्रार्थनेत: कृपापूर्ण’ असे लिहावे. वाचक दोन्ही शब्द शेजारी पाहील, आणि एकाने दुसरा खोडला जाणार नाही.

शिवाय प्रार्थनेतही धातुसाधित परके नाही. मीरा रोड-भाईंदरच्या आपल्या धर्मग्रामांत गोव्याची कितीतरी कुटुंबे आहेत. ती कोकणीत जपमाळ म्हणतात तेव्हा मरियेला कृपेने ‘भरलेली’ असे संबोधतात. जेरोमचे भरणे आणि लूकचे धातुसाधित त्या कोकणी शब्दात एकत्र आले आहेत. आमच्याच जिन्यावरील शेजारीण जो शब्द रोज उच्चारते, त्याच्या घडणीला पुस्तकी म्हणणे आम्हांस जड जाते.

‘कृपा पावलेली’ हा प्रयोग प्रॉटेस्टंट बंधूंच्या मराठी बायबलात आढळतो, म्हणून तो आपल्याला संशयास्पद वाटतो, असे आपण वर्गात सूचित केले होते. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने १९६५ मध्ये दैवी प्रकटीकरणाविषयी जो दस्तऐवज दिला, त्यातच मूळ भाषांवरून भाषांतरे करावीत आणि सोयीचे असेल तेथे विभक्त बंधूंच्या साहाय्यानेही करावीत असे म्हटले आहे. शब्द कोणाच्या अंगणातून आला यापेक्षा तो कोठे पोहोचवितो हे पाहावे.

राहिला मरियेच्या मानाचा प्रश्न. आपली भीती आम्ही समजतो. १८५४ मध्ये नवव्या पायस पोपमहोदयांनी निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत जाहीर केला, त्या घोषणापत्रात देवदूताच्या या अभिवादनाचाही आधार घेतला आहे. ‘पूर्ण’ हा शब्द गेला तर तो आधार डळमळेल काय? आमचे उत्तर दुहेरी आहे. एक, धातुसाधित त्या सिद्धांताला विरोध करीत नाही. उलट कृपा आधीच झालेली आहे, देवदूत येण्यापूर्वीच झालेली आहे, हे ‘पूर्ण’पेक्षा तेच स्पष्टपणे सांगते. दोन, ते एकटे सिद्धांत सिद्धही करीत नाही, आणि तसा दावा आम्ही करणार नाही. हे रूप क्रिया पुरी झाली असे सांगते. ती कोणत्या क्षणी सुरू झाली हे सांगत नाही. शिवाय बेन सिराच्या पुस्तकाच्या ग्रीक पाठात, अठराव्या अध्यायाच्या सतराव्या ओवीत, हेच रूप पुल्लिंगात एका सामान्य कृपाळू, सौजन्यशील माणसासाठी आले आहे. तेव्हा एवढ्या एका रूपावर सारे घर उभारणे बरे नव्हे. सिद्धांताचा पाया देऊळमातेची परंपरा आणि सर्व पवित्र शास्त्र यांत आहे. एका प्रत्ययावर त्याचा भार टाकला तर प्रत्ययाचेही नुकसान होते आणि सिद्धांताचेही.

मान कशात असतो, याविषयी मात्र थोडे बोलू द्यावे. त्याच अध्यायात मरिया गाते तेव्हा ती स्वतःला दासी म्हणते, आणि सामर्थ्यवानाने आपल्यासाठी महान कार्ये केली असे सांगते. आपण मोठी आहोत असे ती म्हणत नाही. करणारा तो, आणि जिच्यासाठी केले ती मी, हे तिच्या गीताचे व्याकरण आहे, आणि देवदूताच्या शब्दाचेही तेच व्याकरण आहे. तिने स्वतःविषयी जी क्रियापदे निवडली त्यांच्याशी जुळणारा शब्द तिला दिला, तर तिचा मान उणा कसा होईल?

आमच्या शब्दात उणिवा नाहीत असे नाही. देवदूताच्या दोन ग्रीक शब्दांत, ‘खाइरे’ आणि ‘केखारितोमेने’ यांत, आनंद आणि कृपा यांचा एकच ध्वनी घुमतो. तो आम्हांस मराठीत आणता आला नाही. ग्रीकमधील एका शब्दाचे आमच्याकडे दोन झाले, आणि एकशब्दी नावाचा डौल थोडा उणावला. ‘पावलेली’ हे रूप कर्मणीपेक्षा कर्तरीकडे झुकते, हेही आम्ही जाणतो. तरी देणारा दुसरा आहे हे ‘पावणे’ या धातूतच असल्यामुळे अर्थ वाचतो. यापेक्षा बरा शब्द आपण सुचविलात, आणि त्यात करणारा, झालेले आणि टिकलेले ही तिन्ही राहिली, तर तो आम्ही आनंदाने लिहू. या तिन्हींतील एखादे सोडावयाचे असेल, तर कोणते सोडले आणि का, हे तळटीपेत लिहावे, म्हणजे वाचकाची फसवणूक होणार नाही.

सुट्टी संपताच वही घेऊन आपल्याकडे येऊ. भाईंदरच्या नाझरेथ मातेच्या देवळात रविवारच्या मिस्सेनंतर एका वृद्ध मावशींना आम्ही दोन्ही शब्द म्हणून दाखविले आणि भेद विचारला. त्या म्हणाल्या, “बाबांनो, ‘पूर्ण’ ऐकलं की मी तिच्याकडं बघते. ‘पावलेली’ ऐकलं की देवाकडं बघते.” याहून नेमके स्पष्टीकरण आम्हांस लिहिता येत नाही.

आपले आज्ञाधारक विद्यार्थी,
आम्ही दोघे